आईचा रेडिओ

आईला रात्री रेडिओशिवाय झोप नाही. परवा तिचा पॉकेट रेडिओ एफ.एम.वर नुसता खरखरू लागला. मीडियम वेव्ह मात्र ठणठणीत! मेख तिथेच होती. मीडियम वेव्हला आतली फेराइटची कांडी पुरते, एफ.एम.ची अँटेना म्हणजे इअरफोनची वायर, आणि आईने ती नीटनेटकेपणाने रेडिओभोवती गुंडाळली होती! 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटरची. तिचा चौथा हिस्सा, 75 सेंटिमीटर वायर, मी सरळ सोडली. गाणे आले, पण स्टेशन घसरू लागले. दोन सेल मिळून 3 व्होल्टऐवजी जेमतेम 2! नवे घातले. उरली करकर, तीही फक्त चक्री फिरवताना. म्हणजे आत मळ. रेडिओ बंद करून चक्री वीसदा मागेपुढे फिरवली; बरीच कमी झाली.

“वायर आता लोंबतीच ठेवायची का रे?” आईने नाराजीने विचारले.