पहिला निरोप आणि तीन बटणं

एका मध्यम शहराच्या नगरपरिषदेनं पाणीपुरवठ्यासाठी व्हॉट्सअॅपवर चॅटबॉट सुरू केला आहे, असं समजू. कुणीतरी ‘हाय’ लिहितं. उत्तर येतं: ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू शकतो?’ आता तो माणूस मनातलं सगळं लिहून मोकळा होतो. ‘दोन दिवस नळाला थेंब नाही, टँकर कधी पाठवताय? आणि मागच्या बिलाचं काय झालं?’ पुन्हा उत्तर: ‘क्षमस्व, समजलं नाही.’ तो दोनदा वेगवेगळ्या शब्दांत लिहून बघतो आणि मग वैतागून सोडून देतो.

बॉट इथे बिघडलेला नाही. त्याला तीनच कामं येतात: पाण्याची वेळ सांगणं, थकबाकी दाखवणं आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक देणं. पण ‘काय मदत करू’ या प्रश्नात सगळ्याच कामांचं आश्वासन असतं. चूक त्या पहिल्या वाक्यात आहे.

तोच निरोप असा लिहिता येतो:

‘नमस्कार. हा पाणीपुरवठा विभागाचा स्वयंचलित क्रमांक आहे. इथे पाण्याची वेळ कळेल, थकबाकी बघता येईल आणि तक्रार नोंदवता येईल. टँकरची मागणी आणि बिलातली दुरुस्ती इथे होत नाही, त्यासाठी कार्यालयात फोन करा. खालचं एक बटण दाबा.’

‘स्वयंचलित’ हा शब्द टाळू नये. समोर माणूस नाही हे कळलं की लोक आपोआप थोडक्यात लिहितात. न होणारी कामंही सगळी सांगायची नसतात, नाहीतर निरोपाची नोटीस होते. कोणती दोन सांगायची, हे खिडकीवरच्या कारकुनाला विचारावं. लोक जे हमखास मागतात आणि बॉटला जे जमत नाही तेवढंच लिहावं, आणि ‘होत नाही’ म्हटल्यावर ते कुठे होतं हेही लगेच सांगावं. फोन नंबर त्याच निरोपात हवा.

आता बटणं. व्हॉट्सअॅपवर एका निरोपाखाली उत्तराची जास्तीत जास्त ३ बटणं देता येतात आणि प्रत्येकावर २० अक्षरं मावतात. ही २० मराठीत लवकर संपतात, कारण काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त असं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. ‘पाणीपुरवठ्याची तक्रार’ची मोजणी २१ होते, म्हणजे एकानं हुकतं. ‘तक्रार करायची आहे’ १७ मध्ये बसतं आणि ते जास्त बरंही आहे. बटण दाबलं की त्यावरचा मजकूर त्या माणसाचा निरोप म्हणून चॅटमध्ये उमटतो, म्हणून तो त्याच्या तोंडी शोभेल असा हवा. तेव्हा बटणं अशी: ‘पाणी कधी येणार?’, ‘थकबाकी बघायची आहे’, ‘तक्रार करायची आहे’.

यादीच्या स्वरूपात १० पर्यायही देता येतात, पण ती यादी एका बटणामागे झाकलेली असते. ती उघडायची असते हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या निरोपात तरी मी ती वापरणार नाही.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. व्हॉट्सअॅपवर बहुतेक वेळा सुरुवात नागरिकच करतो, आणि सगळेच ‘हाय’ लिहीत नाहीत. कुणी पहिल्याच निरोपात ‘आमच्या गल्लीत पाइप फुटलाय’ लिहितो, कुणी व्हॉइस मेसेज पाठवतो. त्याला ठरलेलं स्वागत पाठवलं तर आपलं कुणी ऐकलंच नाही असं त्याला वाटतं, आणि ते खरंच असतं. ‘पाइप’, ‘गळती’, ‘फुटला’ असे शब्द दिसले की स्वागत वगळून सरळ तक्रारीच्या वाटेवर न्यावं, आणि रस्त्यावर पाणी वाहत असेल तर आधी फोन करायला सांगावं. व्हॉइस मेसेज आला तर ‘इथे आवाज ऐकता येत नाही, बटण दाबा किंवा लिहून पाठवा’ एवढं पुरे.

निरोप जमला की नाही, हे स्वागतानंतर लोक पहिलं काय करतात यावरून कळतं. बटण सोडून लोक पुन्हा पुन्हा टँकरबद्दलच लिहीत असतील, तर ‘होत नाही’ हे वाक्य त्यांच्या नजरेतून सुटतंय. ते वर आणावं, वेगळ्या ओळीवर लिहावं.

आणि ‘पाणी कधी येणार?’ हे बटण ठेवण्याआधी वॉलमनशी बोलावं. कोणत्या भागाचा वॉल्व्ह आज किती वाजता उघडणार, हे त्याला माहीत असतं; बॉटला नसतं. रोज सकाळी ती वेळ कुणीतरी भरणार असेल तरच ते बटण ठेवावं. भरणारं कुणी नसेल तर ते काढावं, आणि स्वागतातलं ‘पाण्याची वेळ कळेल’ हेही त्याच दिवशी काढावं.