नव्वद दिवसांची अट सहीआधीच मोडा

मोठ्या कंपनीची पहिली ऑर्डर हाती येते तेव्हा छोटा कारखानदार भाव, डिलिव्हरी आणि क्वालिटीच्या अटी बारकाईने वाचतो. ‘पेमेंट 90 दिवस’ ही ओळ मात्र कंपनीचा नियमच आहे असे समजून सोडून देतो. खरे तर तीही ठरवून घ्यायची गोष्ट आहे. तिची वेळ मात्र सहीच्या आधीची. माल जाऊ लागला आणि पैसे अडकले, की बोलण्यात जोर राहत नाही.

बोलायला बसण्याआधी या उधारीची किंमत काढावी. समजा, भोसरीतले एक मशीन शॉप दरमहा 10 लाखांचे सुटे भाग देते. 18 टक्के जीएसटी धरून बिल 11 लाख 80 हजारांचे. नव्वद दिवसांच्या हिशेबाने तीन महिन्यांचे, म्हणजे 35 लाख 40 हजार रुपये कायम बाहेर राहतात. बँकेच्या कॅश क्रेडिटवर 12 टक्के व्याज असेल, तर या रकमेचा भुर्दंड महिन्याला 35,400 रुपये. दहा लाखांच्या विक्रीवर हे साडेतीन टक्के झाले. पेमेंट 45 दिवसांत आले, तर तो निम्म्यावर येतो. जीएसटी मात्र पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्यात भरावाच लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. लेखी करार नसेल, तर ही मुदत 15 दिवसांची. करारात 90 दिवस लिहिले, तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. उशिरा पैसे देणाऱ्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण चालू ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला फार थोडे धजावतात. म्हणून कायद्याचा खरा उपयोग वाटाघाटीत होतो.

परचेसवाला सांगेल, ‘सिस्टिममध्येच 90 दिवस आहेत.’ ते त्याच्या हातात नसते, हे बहुधा खरे असते. अशा वेळी फायनान्सच्या माणसाला बैठकीत बोलवायला सांगावे. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात केलेला बदल त्याला ठाऊक असतो. सूक्ष्म-लघु उद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही आणि ते 31 मार्चला थकलेले राहिले, तर त्या वर्षी तो खर्च करातून वजा होत नाही. पैसे देईल त्या वर्षीच होतो. आपल्या उदाहरणात वर्षअखेरीस असा 30 लाखांचा खर्च अडकतो. 25 टक्के दराने सुमारे साडेसात लाखांचा कर कंपनीला आधी भरावा लागतो. तो पुढच्या वर्षी वसूल होतो, पण फायनान्सला तेवढी अडचणही नको असते.

यासाठी उद्यम नोंदणी करारापूर्वीची हवी आणि तिचा क्रमांक कोटेशनवर, बिलावर छापलेला हवा. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणी असूनही हे संरक्षण मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

45 दिवसांसाठी सूट देऊ नका. तो तुमचा हक्कच आहे. त्याहून लवकर पैसे हवे असतील, तर सूट द्यावी. पंधरा दिवसांत पेमेंट आले, तर या कारखान्याचे प्रत्येक बिलामागे एका महिन्याचे व्याज, म्हणजे 11,800 रुपये वाचतात. पाऊण टक्का, म्हणजे 7,500 रुपये सोडूनही तो फायद्यात राहतो. कोटेशनमध्ये दोन्ही भाव शेजारी शेजारी लिहावेत.

दिवस कमी झाले तरी शब्दांत फसगत होते. ‘बिल मंजूर झाल्यापासून’ असे लिहिले, तर मंजुरीच लांबते. ‘महिनाअखेरपासून’ असेल, तर पाच तारखेच्या मालाला आणखी पंचवीस दिवस लागतात. म्हणून मोजणी माल पोहोचल्याच्या नोंदीपासून धरावी. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असे मानावे. वाद असेल, तर वादातली रक्कमच थांबावी, बाकीची द्यावी. कंपनी ठरावीक तारखांनाच पैसे सोडत असेल, तर मुदत संपण्याआधीची तारीख लागू होईल, असे लिहून घ्यावे.

कंपनी 90 दिवसांवर अडूनच बसली, तर बिले ट्रेड्स मंचावर स्वीकारायला सांगावे. कंपनीने मंजूर केलेल्या बिलावर तिथे बँका बोली लावतात आणि पैसे काही दिवसांत मिळतात. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. मात्र नोंदणी केली म्हणून प्रत्येक बिल तिथे येतेच असे नाही. म्हणून ते करारात लिहून घ्यावे आणि बँकेचे व्याज कोण देणार, हेही ठरवावे.

शेवटी पहिली परचेस ऑर्डर आली, की तिच्यावरची पेमेंटची ओळ तपासा. करारात 45 आणि ऑर्डरवर जुनेच 90 असे पुष्कळदा होते, कारण सिस्टिममधला कोड कोणी बदललेला नसतो. ती ओळ दुरुस्त होऊन येईपर्यंत माल पाठवू नका.