शनिवारची दोन मिनिटं

चाकणच्या एखाद्या कारखान्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलगी क्वालिटी विभागात इंटर्न म्हणून येते. शनिवारी बैठक संपता संपता साहेब म्हणतात, "चल, तुझी सगळ्यांना ओळख करून दे." ती उभी राहते आणि गाव, कॉलेज, टक्केवारी, छंद असं सगळं ओळीनं सांगून टाकते. लोक ऐकून घेतात आणि चहाला उठतात.

ही माहिती तिच्या अर्जात आधीच होती. विभागाला हवं असतं ते वेगळंच: ही कोणाच्या हाताखाली आहे, हिला कोणतं काम सांगता येईल आणि ही कधीपर्यंत इथे आहे. पहिल्या दिवशी यातलं काहीच सांगता आलं नसतं. आठवडाअखेरीच्या ओळखीचा खरा फायदा तोच.

तीच मुलगी असं बोलली तर बघा. नावानंतर लगेच: "मी फायनल इन्स्पेक्शनला आहे, जूनअखेरपर्यंत. या आठवड्यात शाफ्टचे व्यास मोजायला शिकले. ग्राइंडिंगवरून आलेला शाफ्ट लगेच मोजला तर माप जास्त येतं, हे मशीनवरच्या काकांनी दाखवलं. मायक्रोमीटरची नोंद आता मी एकटी करू शकते. ड्रॉइंगवरच्या भूमितीय खुणा अजून नीट वाचता येत नाहीत. डिझाइनमधल्या कोणी अर्धा तास दिला तर बरं होईल."

एवढं बोलायला मिनिटभरही लागत नाही. त्यातलं गरम शाफ्टचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस असतं. 50 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट त्याहून 10 अंशांनी गरम असला, तर तो सुमारे 6 मायक्रॉन फुगलेला असतो. मापाला एकूण 16 मायक्रॉनचीच सूट असेल, तर एक तृतीयांशाहून जास्त सूट तिथेच संपली. म्हणजे चांगला शाफ्ट बाद ठरू शकतो, किंवा बारीक झालेला शाफ्ट गरम असताना पास होऊन जातो. या एका वाक्यावरून ऐकणाऱ्याला कळतं की पोरगी मशीनपाशी उभी होती. "खूप काही शिकायला मिळालं" यावरून काहीच कळत नाही.

हाच तपशील अंगाशीही येऊ शकतो. "काका गरम शाफ्टच मोजत होते" असं भर सभेत म्हटलं, की ते काका पुढे काही दाखवणार नाहीत. चूक दिसलीच असेल तर ती आधी मार्गदर्शकाच्या कानावर घालावी. ग्राहक कंपनीचं नाव आणि रिजेक्शनचे आकडेही इथे नकोत. त्या खोलीत बाहेरचा पुरवठादार बसलेला असू शकतो.

आभाराची लांबलचक यादीही टाळलेली बरी, त्यात हमखास कोणीतरी राहून जातं. आणि शॉप फ्लोअरवर बिहार-उत्तर प्रदेशातली मंडळी असतील, तर "कधीपर्यंत आहे" आणि "काय मदत हवी" ही दोन वाक्यं हिंदीतही सांगावीत. गेज हातात देणारा माणूस बऱ्याचदा त्यांच्यातलाच असतो.