फोन हरवला? आधी लॉक, मग सिम बंद

पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांची गर्दी कुरुंदवाडला नवी नाही. घाटावर स्नान, पालखी, प्रसादाची रांग आणि परतीच्या एसटीत चढण्याची घाई. यात पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलेला फोन कधी गेला हे घरी आल्यावरच कळते.

समजा, कुरुंदवाडजवळच्या एका गावातील आशाताईंचा फोन असा गेला. फोन दहा हजारांचा असेल, पण त्यातला ऐवज त्याहून मोठा आहे. गावातल्या गरोदर बायकांचे नंबर, क्षयरोगाच्या रुग्णांची नावे, कुणी विश्वासाने पाठवलेला रक्ताचा रिपोर्ट, एखाद्या जखमेचा फोटो. ज्या रुग्णाने आपला आजार सासरी सांगितलेला नाही, त्याचे नाव अनोळखी माणसाच्या हातात पडले तर झालेले नुकसान नवा फोन घेऊन भरून निघत नाही.

घरी येताच धाकटा दीर म्हणतो, “वहिनी, आधी सिम बंद करूया.” बहुतेक घरांत हेच सुचते. पण इथे क्रम महत्त्वाचा आहे. फोन शोधण्याचा, लॉक करण्याचा किंवा पुसण्याचा आदेश इंटरनेटवरून जातो आणि वाडीच्या घाटावर हरवलेल्या फोनला इंटरनेट मिळते ते त्याच सिममधून. सिम बंद झाले की तो आदेश फोनपर्यंत पोहोचण्याचा मुख्य रस्ताही बंद होतो. म्हणून आधी लॉक, आणि लगेच पाठोपाठ सिम व बँक. या दोन पायऱ्यांत काही मिनिटांचेच अंतर असावे, कारण सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवता येतो.

आदल्या दिवशीचे काम

हे सगळे जमते ते सोय आधी चालू ठेवलेली असेल तरच. अँड्रॉइड फोनमध्ये Settings उघडून Google या भागात जावे. तिथे Find Hub हा पर्याय आहे. जुन्या फोनमध्ये त्याचेच नाव Find My Device असे दिसते. तो चालू करावा. फोनचे लोकेशनही चालू हवे, नाहीतर नकाशावर जागा दिसत नाही. त्याच Google भागात Theft protection मध्ये Remote Lock आहे, तोही चालू करावा.

याशिवाय तीन गोष्टी वहीत लिहून घरी ठेवाव्यात. पहिली, गूगल खात्याचा ईमेल. दुसरी, फोनचा आयएमईआय क्रमांक. डायल पॅडवर *#06# दाबले की तो दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहावेत. तिसरी, गूगल खात्यातून मिळणारे बॅकअप कोड. दुसऱ्या फोनवरून खाते उघडताना गूगल अनेकदा पडताळणीचा कोड मागते आणि तो हरवलेल्या फोनवरच जातो. किल्ली कुलूपबंद घरातच राहावी, तसा हा प्रकार. कागदावर लिहिलेला बॅकअप कोड तेव्हा कामी येतो. पासवर्ड मात्र या वहीत, सगळ्यांच्या हाती लागेल असा, लिहू नये.

हरवल्यावर

आता आशाताई दिराच्या फोनवर android.com/find उघडतात आणि आपल्या खात्याने आत जातात. फोन चालू असेल, त्याला नेट असेल, तर नकाशावर त्याची जागा दिसते. पहिला पर्याय आवाज करण्याचा. फोन सायलेंटवर असला तरी तो पाच मिनिटे मोठ्याने वाजतो. गादीखाली किंवा रिक्षाच्या सीटमागे पडलेला फोन यानेच सापडतो. पण फोन चोराच्या हातात असल्याची शंका असेल तर वाजवू नये. तो सावध होऊन फोन बंद करील.

दुसरा पर्याय लॉकचा. यात पडद्यावर एक संदेश आणि घरच्या कुणाचा नंबर ठेवता येतो: ‘हा फोन हरवला आहे, कृपया या नंबरवर कळवा.’ प्रामाणिक माणसाला फोन परत करण्याची वाट यातून मिळते. खात्याचा पासवर्डच आठवत नसेल, तर android.com/lock वर नुसता मोबाईल नंबर टाकून व पडताळणीची एक पायरी पूर्ण करून फोन लॉक करता येतो. त्यासाठी Remote Lock आधी चालू केलेले हवे.

तिसरा पर्याय सगळे पुसून टाकण्याचा. तो शेवटचा, कारण पुसल्यानंतर फोन नकाशावर दिसत नाही. फोटो आणि नंबर यांचा बॅकअप नसेल तर तेही गेले. मेमरी कार्डावरचा मजकूर मात्र पुसला जाईलच असे नाही; म्हणून रुग्णांचे फोटो कार्डावर ठेवू नयेत. आशाताईंच्या बाबतीत निर्णय असा करता येईल: फोनला आधीपासून पिन असेल आणि लॉक झाल्याचे दिसत असेल तर शोधाला थोडा वेळ द्यावा. पिनच नव्हता, किंवा फोन अनोळखी ठिकाणी सरकताना दिसतो आहे, तर पुसण्याचा आदेश द्यावा. रुग्णांची गुप्तता फोनच्या किमतीपेक्षा मोठी.

कुठे अडते

फोन बंद केला किंवा त्याचे नेट तोडले, तर आदेश लगेच लागू होत नाही. तो थांबून राहतो आणि फोन पुन्हा नेटवर आला की अमलात येतो. नकाशावर तेव्हा शेवटची नोंदलेली जागा दिसते, आत्ताची नव्हे. म्हणून खालची वेळ आधी वाचावी. त्या मधल्या काळात खरे संरक्षण एकच, पडद्याचा पिन. तो जन्मवर्ष किंवा 1234 नसावा.

नकाशावरच्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळही पाहावे. फोन त्या वर्तुळात कुठेही असू शकतो, आणि वाडीच्या पेठेत तेवढ्या जागेत कितीतरी दुकाने येतात. त्यावरून कुणाच्या दारात जाऊन भांडू नये. नकाशाचा फोटो घेऊन पोलीस ठाण्यात जावे.

लॉक झाल्यावर सिम कंपनीला कळवून सिम बंद करावे, बँकेला सांगून यूपीआय थांबवावे. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच तक्रार द्यावी. मग पोलिसांत तक्रार नोंदवून, त्याच नंबरचे नवे सिम घेऊन, sancharsaathi.gov.in वर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करण्याची विनंती करावी. दूरसंचार विभागाची ही सीईआयआर व्यवस्था सप्टेंबर 2019 मध्ये प्रथम महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे 2023 मध्ये देशभर खुली झाली. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातले तर पोलिसांना माग लागतो. फोन परत मिळाला की त्याच ठिकाणी ब्लॉक काढता येतो.

शेवटची सावधगिरी फोन गेल्यानंतरच्या दिवसांची. ‘तुमचा फोन सापडला, जागा पाहण्यासाठी इथे दाबा,’ असा संदेश पडद्यावर ठेवलेल्या नंबरवर येऊ शकतो. आतली लिंक पासवर्ड मागते, आणि तो मिळाला की चोराला फोन उघडता येतो. फोन खरोखर सापडलेला माणूस पासवर्ड विचारत नाही. तो कुठे भेटायचे ते विचारतो.

आज संध्याकाळी घरातल्या दुसऱ्या फोनवरून आपला फोन एकदा नकाशावर शोधून आणि वाजवून पाहावा. वाजला नाही, तर कोणती पायरी राहिली हे फोन हातात असतानाच कळेल.