सवलत नेमकं कोण देतं? – पाळणाघराच्या अंदाजपत्रकाविषयी

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पाळणाघराच्या जमाखर्चावर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पण त्या जमाखर्चात एक जुना प्रश्न दडलेला आहे. न्यासाच्या पाळणाघरात एखाद्या मुलाला फी माफ होते. सवलत घेणारं मूल आपल्याला दिसतं. देणारा मात्र दिसत नाही. ‘न्यास देतो’ हे उत्तर आपण चटकन देतो. आज आकडे मांडून ते तपासू.

उदाहरण कल्पनेतलं आहे, पण हिशेब खऱ्यासारखा करू. शहरातल्या एका वस्तीजवळचं पाळणाघर घ्या. मुलं ३०. त्यांतली १० तीन वर्षांखालची, २० तीन ते सहा वर्षांची. वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आठवड्याचे सहा दिवस. २०१८ साली केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक सेविका आणि मोठ्या २० मुलांमागे एक सेविका व मदतनीस, असं किमान प्रमाण दिलेलं आहे. म्हणजे आपल्याला दोन सेविका पुरे, नाही का?

नाही. इथेच पहिली चूक होते. प्रमाण हे हजेरीपटावरच्या नावांचं नसतं, घड्याळातल्या प्रत्येक तासाचं असतं. एक खोली आठवड्याला ६० तास उघडी असते, दोन खोल्या मिळून १२० तास. एक बाई आठवड्याला ४८ तास काम करते. १२० भागिले ४८ म्हणजे अडीच. त्यात रजा, आजारपण, लग्नकार्य आलं. तेव्हा सेविका तीन हव्यात. कागदावर दोन ठेवल्या तर सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला तीसही मुलं एकाच बाईच्या अंगावर असतात. विश्वस्तांनी पाहणीला दुपारी बाराला जाऊ नये, या दोन वेळांना जावं.

आता पगार. संचालिका २०,०००, तीन सेविका प्रत्येकी १५,०००, आणि दोन मदतनीस, एक खोलीत, एक स्वयंपाकघरात, प्रत्येकी १३,००० धरू. महिन्याला ९१,००० झाले. दिवाळीचा एक पगार धरून तेरा महिन्यांचे ११,८३,००० रुपये.

जेवणाचा हिशेब वेगळ्या पद्धतीने होतो. पगार पटावर ठरतो, जेवण उपस्थितीवर. वर्षाचे कामाचे दिवस २९०, आणि रोज सरासरी ८० टक्के मुलं येतात असं धरू, म्हणजे २४. सकाळ-संध्याकाळचं दूध, दुपारचा वरणभात-भाजी, चार वाजता उसळ किंवा केळं, आणि गॅस, असे दर माणशी ४० रुपये. मुलांचे होतात २,७८,४००. पण बायाही तिथेच जेवतात! रोज सरासरी पाचजणी धरा, ५८,००० रुपये. हा आकडा पुष्कळ अंदाजपत्रकांत नसतोच. मग तो मुलांच्या पातेल्यातून निघतो. जेवणाचे एकूण ३,३६,४००.

भाडं, वीज, साबण, औषधं, खेळणी यांना २,४०,०००. डागडुजी आणि अडीअडचणीला ४०,६००. सगळं मिळून बरोबर १८ लाख. तीस मुलांत वाटलं तर एका मुलामागे महिन्याला ५,००० रुपये.

आता फी. धुणीभांडी करणारी आई ५,००० कुठून देणार? म्हणून समजा सहा मुलांची पूर्ण फी, चौदांची निम्मी म्हणजे २,५००, आणि दहांची नाममात्र ५००. महिन्याला ७०,००० येतात, वर्षाला ८,४०,०००. म्हणजे सवलत झाली ९,६०,००० रुपयांची. हा आकडा मोठा आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी तो लिहीतच नाहीत. जमेला नुसती ‘फी ८,४०,०००’ लिहितात. देणग्या ६ लाख येणार असतील तर जमा होते १४,४०,०००. मग खर्चही तेवढाच ‘बसवतात’.

हे बसवणं म्हणजे काय, ते पाहा. ३,६०,००० कमी करायचे आहेत. तिसरी सेविका नेमली नाही, १,९५,००० वाचले. उरलेल्यांचा दिवाळीचा पगार दिला नाही, ७६,००० वाचले. राहिले ८९,०००, ते जेवणातून. ४० रुपयांचं जेवण २९ वर आलं. मंडळी, आता सांगा, सवलत कोणी दिली? काही न्यासाने, काही सेविकांनी, आणि काही चक्क त्या मुलांनी, आपल्या दुधातून. यांतल्या कोणालाही कोणी विचारलं नव्हतं. दान हे देणाऱ्याच्या संमतीने होतं. संमती नसेल तर त्या कृतीला दुसरं नाव आहे.

हे घडतंय की नाही, ते ओळखायला हिशेबनीस लागत नाही. दुधाचं बिल बघा. मुलामागे रोज २०० मिलिलिटर, २४ मुलं, म्हणजे ४.८ लिटर. महिन्याच्या २४ दिवसांचं सुमारे ११५ लिटर. बिल ८० लिटरचं असेल आणि हजेरी तीच असेल, तर सवलत कुठून निघाली ते कळलं.

कोणी म्हणेल, मग नाममात्र फीची मुलं कमी करा. करून बघू. त्यांतली सहा मुलं काढली. वाचलं काय? फक्त त्यांचं जेवण, वर्षाला ५५,६८०. त्यांची येणारी फी गेली ३६,०००. निव्वळ बचत २० हजारांच्या आतच! कारण सेविका तीच, भाडं तेच. ५,००० ही सरासरी आहे, आणि सरासरीने निर्णय घेतला की फसगत होते. रिकाम्या जागेवर मूल घेतलं तर त्याचा वाढीव खर्च महिन्याला साधारण ७७३ रुपये. पण लहानांच्या खोलीत अकरावं मूल घेतलं तर नवी सेविका आली, वर्षाचे १,९५,०००. एकच सवलत एका जागी जवळजवळ फुकट पडते, दुसऱ्या जागी एका पूर्ण पगाराएवढी.

म्हणून ३,६०,००० चं उत्तर मुलं गाळण्यात नाही. मोठी बचत तास कमी करून किंवा एक खोली बंद करूनच होते. पण सहापर्यंत कामावर असणाऱ्या आईने चारला मूल न्यायला यायचं कसं? नाहीतर देणगी आणखी आणायची. तिसरी वाट मी सांगितलीच, ती न सांगता घेतली जाते.

मांडणी साधी आहे. जमेला पूर्ण फी १८ लाख लिहा. तिच्याखाली ‘सवलत ९,६०,०००’ वजा दाखवा. आणि प्रत्येक रुपयासमोर तो कुठून येणार ते लिहा. सवलत आणि थकबाकी एका ओळीत घालू नका. सवलत आधी ठरलेली असते, थकबाकी ही न झालेली बोलणी असते. तेच घर तीन महिने थकत असेल तर त्याची पायरी चुकली आहे, ती बदला. आणि पायरी ठरवणं सेविकेकडे देऊ नका. कोणाचं मूल किती फी देतं, हे मूल उचलून घेणाऱ्या बाईला माहीत नसलेलंच बरं.

आपल्याकडे सार्वजनिक न्यासाला अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे द्यावं लागतं. तिथे बेरीज जुळते की नाही हे बघतील. बेरीज तर २९ रुपयांच्या जेवणावरही जुळते. सवलतीच्या ओळीसमोर देणाऱ्याचं नाव आहे का, हे मात्र सभेत आपणच विचारायचं आहे.