सगळ्यांचं देऊन झाल्यावर

गडहिंग्लज तालुक्यात साखर कारखान्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न दराचा असतो: यंदा टनाला काय देणार? दुसरा प्रश्न थकबाकीचा. कारखान्याची किंमत किती, असं सहसा कुणी विचारत नाही. हिरण्यकेशीच्या या पट्ट्यात मात्र तोही प्रश्न व्यवहारात आलेला आहे. हरळीचा आप्पासाहेब नलवडे गडहिंग्लज तालुका सहकारी कारखाना मधले काही हंगाम खासगी कंपनीने चालवला आणि मग तो पुन्हा संचालक मंडळाकडे आला. शेजारच्या चंदगड तालुक्यात हलकर्णीचा दौलत कारखाना जिल्हा बँकेच्या कर्जापायी दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर गेला. कारखाना चालवायला घेणारा किती रक्कम मोजू शकतो आणि ती कशी ठरवतो, हा प्रश्न म्हणूनच इथल्या सभासदाच्या थेट कामाचा आहे.

त्याचं उत्तर काढायच्या रीती अनेक आहेत. एका रीतीत संपूर्ण धंद्याची किंमत काढून त्यातून कर्ज वजा करतात. दुसरी रीत, फ्लो टू इक्विटी, धंद्याकडे मालकाच्या बाजूने बघते. ऊसवाला, तोडणी-वाहतूकवाला, कामगार, सरकार आणि बँक या सगळ्यांचं देऊन झाल्यावर मालकाच्या हातात दरवर्षी किती रोकड उरेल, तेवढीच धरायची. ती रोकड आजच्या मोलात आणायला दरही मालकाचाच लावायचा, म्हणजे एवढी जोखीम घेण्यासाठी मालक आपल्या पैशावर जो परतावा मागेल तो. रीत एवढीच आहे. चुका होतात त्या ‘उरेल’ आणि ‘दर’ या दोन ठिकाणी.

देण्यांची रांग

उरलेल्या रकमेचा हिशेब देण्यांच्या क्रमापासून सुरू होतो. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे गाळपाला ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी लागते, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली. त्याशिवाय महाराष्ट्रात २०१३ चा ऊसदर कायदा आहे. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाच्या ७० टक्के रक्कम उसाला, असं त्याचं सूत्र आहे, आणि ही रक्कम एफआरपीपेक्षा जास्त भरली तर वरचा फरक शेतकऱ्याला द्यायचा असतो.

मालकाच्या हिशेबात याचा अर्थ सरळ आहे. साखरेचा भाव घसरला तरी एफआरपी खाली येत नाही, त्यामुळे तोटा मालकाच्या अंगावर येतो. भाव चांगलाच वाढला आणि सूत्राची रक्कम एफआरपीच्या वर गेली, तर वाढीतला मोठा वाटा उसाकडे जातो. म्हणून साखर किलोमागे दोन रुपयांनी वाढेल असं गृहीत धरून ते दोन्ही रुपये मालकाच्या ओळीत मांडणारा अंदाज बघितला, तर तो करणाऱ्याने हा कायदा वाचलेला नाही हे लगेच कळतं.

एक हिशेब मांडून पाहू

आकडे कल्पित आहेत, सोयीसाठी लहान घेतले आहेत. एका कंपनीला एक कारखाना पाच वर्षं भाड्याने चालवायचा आहे. दुरुस्ती आणि यंत्रांवर ६० कोटी खर्च होणार. त्यात स्वतःचे २० कोटी आणि कर्ज ४० कोटी. कर्जाचं व्याज १० टक्के आणि फेड दरवर्षी ८ कोटी. उसाचं बिल, तोडणी-वाहतूक, पगार आणि वार्षिक भाडं देऊन दरवर्षी १९ कोटी उरतात. घसारा वर्षाला १२ कोटी, प्राप्तिकर २५ टक्के. पाच वर्षांनंतर यंत्रांची किंमत शून्य.

पहिल्या वर्षी १९ मधून घसारा १२ आणि व्याज ४ वजा केले की ३ कोटी करपूर्व नफा राहतो. कर ७५ लाख, निव्वळ नफा २.२५ कोटी. घसारा हा प्रत्यक्ष बाहेर गेलेला पैसा नाही, म्हणून ते १२ कोटी परत मिळवायचे. कर्जाचा ८ कोटींचा हप्ता नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत नाही, पण पैसा जातो, म्हणून तो वजा करायचा. हाती उरले ६.२५ कोटी. पुढे कर्ज फिटत जातं तसं व्याज कमी होतं, आणि मालकाची रोकड क्रमाने ६.८५, ७.४५, ८.०५ आणि ८.६५ कोटी होते.

मालकाची अपेक्षा १८ टक्क्यांची धरली, तर या पाच रकमांचं आजचं मोल २२.६८ कोटी येतं. त्याने घातले २० कोटी. म्हणजे करार मिळवण्यासाठी तो सुरुवातीला एकरकमी जास्तीत जास्त २.६८ कोटी देऊ शकतो (या रकमेवरची करसवलत बाजूला ठेवली आहे). त्यापेक्षा कमीत करार मिळाला तर उरलेलं त्याचं, जास्त दिले तर त्याची अपेक्षा पुरी होणार नाही.

आता नेहमीची चूक पाहू. बँकेच्या प्रस्तावात सरासरी भांडवली खर्चाचा दर तयार असतो. इथे एक तृतीयांश पैसा मालकाचा १८ टक्क्यांनी आणि दोन तृतीयांश कर्ज करसवलत धरून ७.५ टक्क्यांनी, म्हणजे सरासरी ११ टक्के. एखादा हिशेबनीस मालकाच्या रोकडीला हाच दर लावतो. मग तिचं मोल २७.०७ कोटी भरतं, आणि तो ७ कोटी आगाऊ द्यायला तयार होतो. ही रोकड बँकेचा वाटा आधीच काढून उरलेली आहे. तिला बँकेचा स्वस्त दर मिसळलेला आकडा लावला की कर्जाचा फायदा दोनदा मोजला जातो. सरासरी दर व्याज आणि हप्ते जाण्यापूर्वीच्या रोकडीला लागतो. दर आणि रोकड एकाच पायरीवरचे आहेत का, एवढं बघितलं तरी ही चूक सापडते.

मालकाचा दर चढा का

दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देतो, उसाची टंचाई होते आणि गाळप कमी होतं असं धरू. १९ ऐवजी १३ कोटीच उरले, म्हणजे घट एक तृतीयांशाहूनही कमी. पण व्याज ३.२० कोटी आणि हप्ता ८ कोटी तेवढेच राहतात. घसारा आणि व्याज वजा करता २.२० कोटी तोटा दिसतो, कर लागत नाही, आणि मालकाच्या हातात ६.८५ ऐवजी १.८० कोटी येतात. धंद्याला बसलेला झटका मालकापर्यंत पोचेपर्यंत जवळपास तीन चतुर्थांश होतो. तोट्यामुळे पुढच्या वर्षी थोडा कर वाचतो, तरी २.६८ कोटींची सगळी शिल्लक या एका हंगामात संपते. कर्ज जितकं जास्त, तितका हा झटका मोठा, आणि मालकाचा दरही तितका चढा.

या रीतीची मर्यादाही इथेच दिसते. आपल्या उदाहरणात सुरुवातीला ४० कोटी कर्जाच्या समोर मालकीचं मोल साधारण २३ कोटी आहे. शेवटचं वर्ष सुरू होताना ८ कोटी कर्जासमोर मालकीचं मोल सव्वासात-साडेसात कोटी आहे. कर्जाचा भार उतरला तशी मालकाची जोखीम घटली, तरी आपण पाचही वर्षं १८ टक्केच लावले. म्हणून शेवटच्या वर्षांना हा हिशेब जरा कडक होतो. कर्ज आणि मालकी यांचं प्रमाण स्थिर राहणार असेल तेव्हा ही रीत सरळ चालते. कर्ज ठरावीक हप्त्यांनी फिटणार असेल तर दरवर्षीचा दर वेगळा काढावा, किंवा आधी बिनकर्जाच्या धंद्याचं मोल काढून कर्जाच्या करसवलतीचं मोल त्यात मिळवावं.

३१ मार्चचा फसवा ताळेबंद

साखर कारखान्यात आणखी एक खोच आहे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो. म्हणजे वर्षअखेरीला गोदामं भरलेली असतात आणि त्या साखरेवर घेतलेलं माल तारण कर्जही शिगेला असतं. समजा गोदामातली साखर गेल्या मार्चपेक्षा ५० कोटींनी वाढली, आणि बँकेने १५ टक्के दुरावा ठेवून ४२.५ कोटी जादा उचल दिली. मालकाच्या रोकडीत नवं कर्ज मिळवायचं असतं, म्हणून एखादा अंदाज ४२.५ कोटी जमा धरतो आणि साठ्यात अडकलेले ५० कोटी विसरतो. दोन्ही धरले तर मालकाच्या खिशातून साडेसात कोटी गेलेले असतात. साखरेचा भाव पडला की हा दुरावा अपुरा पडतो. त्याला कारखान्यात ‘शॉर्ट मार्जिन’ म्हणतात, आणि तेही मालकानेच भरून काढायचं असतं. मालकाची रोकड एखाद्याच वर्षी एकदम फुगलेली दिसली, तर आधी तारण कर्ज आणि साठा या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून बघाव्यात.

सहकारात मालक कोण?

खासगी कंपनीचा हिशेब इथवर पुरतो. सहकारी कारखान्याच्या नफ्याला हीच रीत लावली तर उत्तर फार तोकडं येतं, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६७ प्रमाणे लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. दहा हजारांच्या शेअरवर वर्षाला जास्तीत जास्त दीड हजार रुपये. उलट दोन एकरांत ८० टन ऊस पिकवणाऱ्या सभासदाला टनाला शंभर रुपये जादा मिळाले, तर आठ हजार होतात. त्यामुळे मालकाचा वाटा नफ्याच्या ओळीपर्यंत पोचतच नाही, त्याआधी उसाच्या बिलातून निघून जातो.

ही गोष्ट प्राप्तिकर खात्यानेही ओळखली होती. जुन्या पद्धतीत वैधानिक किमान दराच्या वर, ऊस नियंत्रण आदेशाच्या कलम ५-अ खाली, हंगामानंतर जादा दर ठरत असे. हा जादा दर खर्च की नफ्याचं वाटप, हा वाद अनेक वर्षं चालला. मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या जादा दरात नफ्याचा अंश असेल तेवढा भाग नफ्याचं वाटप आहे, आणि तो किती ते कर अधिकाऱ्याने तपासावं. कलम ५-अ त्याआधीच, २००९ मध्ये एफआरपी आली तेव्हा, गेलं होतं. जुन्या वर्षांच्या करमागणीतून कारखान्यांना दिलासा मिळाला तो २०२३ च्या अर्थसंकल्पात.

तरी सगळाच जादा दर मालकीचा म्हणून धरता येत नाही. शेजारचा कारखाना जो दर देतो, तेवढा सभासदाला शेअर नसतानाही मिळाला असता. मालकीचा वाटा फक्त त्यावरचा. शिवाय बिगरसभासदाच्या उसालाही बहुतेक तोच दर मिळतो. म्हणजे सभासदाच्या हातात खास असं राहतं ते सवलतीची साखर, नोंद आणि तोडणीतलं प्राधान्य आणि मताचा हक्क. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिली उचल ठरवण्यावरून जी ताणाताणी होते, ती आपण साखरेच्या राजकारणात मोडतो. खरं तर तो ‘उरलेल्या’ रकमेचा मालक कोण, याचाच दरवर्षीचा निवाडा असतो.

म्हणून भाडेकराराची निविदा वार्षिक सभेपुढे येते, तेव्हा सगळ्यात मोठ्या आगाऊ रकमेवर भुलू नये. ७ कोटी देऊ करणारा कदाचित २.६८ देणाऱ्यापेक्षा हुशार नसेल, त्याने चुकीचा दर लावला असेल. टंचाईच्या पहिल्याच हंगामात सगळ्यांचं देऊन त्याच्या हातात जेमतेम १.८० कोटी उरतील, टंचाई आणखी वाढली तर तेही नाहीत. बँकेचा हप्ता थकला तर जप्ती येते, म्हणून तो आधी भरला जाईल. मागे राहील ते १४ दिवसांत द्यायचं उसाचं बिल. मालकाच्या हिशेबातली चूक त्या हंगामापुरती ऊस घालणाऱ्याने फेडलेली असेल. सभासदाने निविदाधारकाला दोनच गोष्टी विचाराव्यात: कोणत्या पायरीवरची रोकड धरली, आणि तिला कुणाचा दर लावला.