विमान, जहाज आणि बॅटरीचे वजन

एक किलो विमान इंधनात साधारण १२ युनिट, म्हणजे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे पाव युनिट किंवा त्याहून थोडी जास्त ऊर्जा मावते. सेल एकत्र जोडून त्यांना आवरण आणि थंड ठेवण्याची व्यवस्था दिली की तीच सुमारे ०.१८ युनिटवर येते. इंजिनात इंधनाची निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता बनून वाया जाते आणि विजेच्या मोटरीत फारच थोडी. हे जमेस धरले तरी वीसपटीहून अधिक फरक उरतो.

मोटारीला हा फरक फारसा जाचत नाही, कारण तिचे वजन रस्ता पेलतो. चार-पाचशे किलोच्या बॅटरीने चाकांचे घर्षण थोडे वाढते, पण ब्रेक लावताना काही ऊर्जा परत मिळते आणि चार्ज संपत आला की गाडी थांबवता येते.

विमानाला मात्र स्वतःचे वजन क्षणोक्षणी हवेत पेलावे लागते. वजन वाढले की हवेचा विरोध वाढतो आणि ऊर्जाही जास्त लागते. इंधन जळते तसे विमान हलके होत जाते. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. एका छोट्या प्रवासी विमानाचा हिशेब पाहू. किलोमागे ०.१८ युनिट ऊर्जा बॅटरीला स्वतःचे वजन ६६ किलोमीटर उंच उचलण्यास पुरते. चांगल्या विमानात उचल ही विरोधाच्या १८ पट असते, म्हणून आडवे अंतरही तितके पट होते. पण मोटर आणि पंख्यात वीस टक्के ऊर्जा जाते आणि एकूण वजनात बॅटरीचा वाटा ३० टक्केच असतो. त्यामुळे पल्ला जेमतेम २८५ किलोमीटर उरतो. त्यातूनही उतरायला उशीर झाल्यास लागणारा राखीव साठा वेगळा ठेवावा लागतो.

म्हणूनच २०२० मध्ये युरोपात प्रमाणपत्र मिळालेले पहिले विद्युत विमान, ‘पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो’, दोन आसनांचे प्रशिक्षण विमान आहे. कमाल ६०० किलो वजनाचे हे विमान राखीव साठा सोडून सुमारे ५० मिनिटे उडते.

जहाजाचे वजन पाणी पेलते, त्यामुळे तिथे अडचण अंतराची आहे. रोज १०० टन इंधन जाळणाऱ्या मालवाहू जहाजाच्या इंजिनातून साडेपाच लाख युनिट काम मिळते. तेवढ्यासाठी, किलोमागे ०.१५ युनिट धरल्यास, दिवसाला सुमारे ३,७०० टन बॅटरी लागेल; पंधरा दिवसांच्या प्रवासाला ५५,००० टन. मालाची बरीचशी जागा त्यातच संपेल. उलट नॉर्वेत २०१५ पासून ‘अँपिअर’ ही फेरीबोट सुमारे हजार युनिटच्या बॅटरीवर चालते, कारण फ्योर्ड ओलांडायला तिला वीसच मिनिटे लागतात आणि प्रत्येक किनाऱ्यावर चार्जिंग मिळते.

सिलिकॉन अ‍ॅनोडचे काही सेल किलोमागे ०.४ युनिटच्या पुढे गेले आहेत, पण चार्ज-डिस्चार्जमध्ये सिलिकॉन फुगते-आकसते, म्हणून त्यांचे आयुष्य कमी भरते. शिवाय एक सेल पेटला तरी आग शेजारच्या सेलला लागू नये, यासाठी विमानातल्या बॅटरीला जड आवरण लागते. त्यामुळे आजच्या सेलवर प्रशिक्षण उड्डाणे, जवळच्या हवाई फेऱ्या आणि ठरलेल्या मार्गाच्या फेरीबोटी चालू शकतात. लांब पल्ल्याची विमाने आणि महासागरी जहाजे मात्र द्रव इंधनावरच अवलंबून राहतात.